पहिलीच्या लेकरांचा स्वतःचा चित्रशब्दकोश, सुट्या पानांचा आणि नाडीने बांधलेला

पहिल्यांदा मी हा उपक्रम घेतला तेव्हा प्रत्येकाला एक शंभर पानी वही दिली, पहिल्या पानावर अ, दुसऱ्यावर आ, असं शेवटपर्यंत मीच अक्षरं घालून दिली आणि म्हटलं आता नवीन शब्द सापडला की त्या पानावर चित्र काढा नि नाव लिहा. दिवाळीपर्यंत क चं पान भरून वाहायला लागलं, प भरलं, च भरलं, आणि ङ, ञ, ण, ळ ही पानं कोरीच, कारण या अक्षरांनी सुरू होणारा शब्द पहिलीतलं लेकरू कुठून आणणार, मोठ्यांनाही आठवत नाही. मग क चे उरलेले शब्द लेकरांनी ण च्या पानावर लिहिले, जागा दिसली म्हणून. आणि एकदा का असं झालं की तो शब्दकोश राहत नाही, ती नुसती चित्रांची वही होते.

म्हणून आता सांगते ती पद्धत सुट्या पानांची आहे. एका पानावर एक शब्द, पान भोक पाडून नाडीत ओवायचं, आणि हवं तेव्हा नाडी सोडून पान योग्य जागी घालायचं. थोडी कटकट आहे पण शब्द शोधता येतो, आणि लेकराला आपला शब्द परत शोधता येणं हीच तर यातली गंमत आहे.

सामान किती लागतं

माझ्या वर्गात २४ लेकरं आहेत असं धरून हिशोब सांगते, तुमचा पट असेल तसं कमीजास्त करा. आठवड्याला दोन शब्द, साधारण ३० आठवडे, म्हणजे एका लेकराची ६० पानं. ए-फोर कागद मधोमध कापून अर्धा करायचा, म्हणजे ३० पूर्ण कागद एकाला, २४ जणांना ७२०. शिवाय मधल्या खुणेच्या पानांसाठी प्रत्येकी ११ अर्धे कागद. सगळं मिळून दोन रिम आणले की थोडे उरतात, आणि ते लागतातच, कारण कोणाचं तरी पान फाटतं, कोणाच्या पानावर डबा सांडतो.

पाव कागद घेऊन बघितलाय मी, निम्मा खर्च वाचतो, पण पहिलीचा हात मोठा चालतो, गाय काढली तर शिंगं कागदाबाहेर जातात आणि लिहायला जागाच उरत नाही. अर्धाच घ्या.

भोकं पाडायला ऑफिसातलं दोन भोकांचं पंच. कागदाच्या लांब कडेचा मध्य दाबून खूण करायची आणि पंचवरच्या मधल्या बाणाला ती खूण लावायची, नाहीतर एका पानाची भोकं वर, दुसऱ्याची खाली, आणि ओवल्यावर पुस्तक पायऱ्यांसारखं दिसतं. नाडी बुटाची घ्या, पायजम्याची नको. बुटाच्या नाडीच्या टोकाला प्लास्टिक असतं त्यामुळे लेकरू स्वतः ओवू शकतं, साध्या नाडीचं टोक चार दिवसात पिंजारतं, मग प्रत्येक वेळी बाई ओवून द्या. साधीच असेल तर टोकाला चिकटपट्टी गुंडाळा. गाठ घट्ट नाही मारायची, बोट जाईल एवढी ढिली ठेवायची, घट्ट बांधलं तर पानं उलटताना भोकापाशी फाटतात. फाटलंच तर मागून-पुढून चिकटपट्टी लावून परत पंच.

कव्हरला जुनं भिंतीवरचं कॅलेंडर, कोरी बाजू बाहेर. आणि जुन्या लग्नपत्रिका गोळा करून ठेवा, उन्हाळ्यात घरोघरी ढीग असतो.

आता ती अकरा खुणेची पानं

लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे छोटे तुकडे कापायचे आणि खुणेच्या पानाच्या उजव्या कडेला बाहेर डोकावतील असे चिकटवायचे. २१ सेंटीमीटरच्या कडेवर ११ तुकडे बसवायचेत, म्हणजे प्रत्येकाला १.९ च्या आसपास जागा मिळते, तेव्हा तुकडा पावणेदोन सेंटीमीटरपेक्षा रुंद नको. पहिला सगळ्यात वर, दुसरा त्याच्या खाली, असं उतरत जायचं, म्हणजे पुस्तक मिटलेलं असतानाही सगळे दिसतात.

घरं मी अशी करते. सगळे स्वर मिळून एक घर. मग क ख, मग ग घ, मग च छ ज झ, मग ट ठ ड ढ, मग त थ द ध न, मग प फ, मग ब भ, मग म एकटा, मग य र ल व, आणि शेवटी श स ह. म एकटा का, तर लेकरांचे शब्द बघा, माय, मामा, मांजर, मासा, मिरची, मोर, मोबाईल, संपतच नाहीत. क्ष आणि ज्ञ वेगळं घर करायची गरज नाही, पण वर्गात एखादा ज्ञानेश्वर असतोच, आणि पहिलं पान तर प्रत्येकाच्या स्वतःच्या नावाचं असतं, तेव्हा ज्ञ शेवटच्या घरात, भिंतीवरच्या तक्त्यात पण तो शेवटीच असतो.

ॲम्ब्युलन्स आणि ऑटो स्वरांच्या घरात. हे आधीच ठरवून टाका, कारण ऑटो पहिल्याच महिन्यात येतो.

तुकड्यावर अक्षरांसोबत एक चित्र हवं, म वर मासा, क ख वर कमळ असं. जून-जुलैत लेकरं अक्षर नाही ओळखत पण “माशाच्या घरात” म्हटलं की बरोबर उघडतात. हीच अकरा चित्रं त्याच क्रमाने एका पट्टीवर काढून फळ्याखाली लावून ठेवा, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला.

घराच्या आत मात्र क्रम लावायला जाऊ नका. का आधी की कि आधी, हे पुढच्या इयत्तांचं काम आहे. क ख च्या घरात आठ-दहा पानं असतील तर लेकरू चित्रं बघत बघत शोधतंच.

जूनमध्ये अक्षरंच येत नाहीत, मग?

हा प्रश्न प्रत्येक नवीन शिक्षक विचारतो आणि बहुतेक जण यामुळेच उपक्रम दिवाळीनंतर ढकलतात. तसं करू नका. कॅलेंडरच्या कागदाचा एक मोठा खिसा करून पुस्तकाच्या शेवटी बांधा, त्याला आम्ही वाट बघायचा खिसा म्हणतो. जूनमध्ये लेकरू शब्द सांगतं, चित्र काढतं, शब्द मी लिहिते, आणि पान खिशात. ज्या दिवशी वर्गात प शिकवून होतो त्या दिवशी सगळ्यांनी खिसा रिकामा करायचा, पानं जमिनीवर मांडायची आणि प वाला शब्द कोणाकडे आहे ते हुडकायचं. ज्याच्याकडे पतंग आहे तो पतंग वाचून दाखवतो आणि प फ च्या घरात ओवतो. अक्षर शिकवल्यावर सरावाला वेगळं काही शोधावं लागत नाही, त्यांचे स्वतःचेच शब्द वाट बघत बसलेले असतात. खुणेची पानं पण अशीच एकेक करून द्या, अकराच्या अकरा पहिल्या दिवशी दिली तर लेकरं बावचळतात.

यात एक गोष्ट बघायला मिळते. प हुडकताना एखादं लेकरू फुलपाखराचं पान उचलतं, एखादं कपाचं. फ वाल्याला आवाज नीट ऐकू येत नाहीये नाहीतर अक्षर सारखं दिसतंय, आणि कप वाल्याला प दिसलाय पण “पहिलं अक्षर” म्हणजे काय ते कळलेलं नाही. दोघांना वेगळी मदत लागते. फ वाल्यासोबत तोंडापुढे हात धरून प आणि फ म्हणून बघायचं, फ ला हवा जास्त लागते. कप वाल्यासोबत शब्द टाळ्या वाजवत तोडायचा आणि पहिल्या टाळीला काय म्हटलं ते विचारायचं.

एक पान कसं होतं

गेल्या वर्षीचं एक पान पायरीपायरीने सांगते, कारण जवळपास सगळ्या अडचणी त्या एका पानात आल्या होत्या. मुलीचं नाव इथं रुपा म्हणू.

सकाळी आली ती सांगतच, “बाई आमच्या रानात टिटवीनं अंडी घातलीत, नुसती भुईवर.” मी म्हटलं हाच तुझा शब्द. शब्द असा यावा, पुस्तकातला नवीन शब्द मी वाटला तर २४ जणांची २४ पानं एकसारखी होतात आणि मग प्रत्येकाचं पुस्तक वेगळं ठेवायचं कशाला. आठवड्यातल्या दोन शब्दांपैकी एक लेकराचा स्वतःचा, घरचा, रानातला, आणि दुसरा त्या आठवड्यात वाचलेल्या गोष्टीतला, पण गोष्टीतला पण त्याने निवडलेला, एवढंच ठरवून ठेवलंय.

आधी चित्र. लिहिणं नंतर, नाहीतर लिहिण्यात दमतात आणि चित्र घाईत उरकतात. पानाचा वरचा दोन तृतीयांश भाग चित्राला, एक आडवी घडी घालून दिली की जागा कळते. रुपाने एक पक्षी काढला, चोच, दोन पाय, शेपटी. मग आमची शेजाऱ्याची परीक्षा. चित्र शेजारच्याला दाखवायचं आणि विचारायचं, हे काय आहे. तो म्हणाला कोंबडी. रुपा चिडली, पण चिडण्यात अर्थ नव्हता, कोंबडीच दिसत होती. मी एकच विचारलं, कोंबडीपेक्षा टिटवी वेगळी कशावरून ओळखतेस तू? तिने लगेच सांगितलं, पाय पिवळे आणि लांब, डोळ्यापाशी लाल, आणि अंडी खड्यांमध्ये उघडी. मग तिने पाय लांब करून पिवळे केले, चोचीपासून डोळ्यापर्यंत लाल घातला, खाली खडे नि चार अंडी. आता तोच शेजारी म्हणाला, टिटवी. बघा, चित्रशब्दकोशात चित्र म्हणजे अर्थ असतो, म्हणून चित्र सुंदर नसलं तरी चालतं, पण दुसऱ्या शब्दाचं वाटलं तर चालत नाही. कुंपण, खिडकी, शेपूट असे मोठ्या वस्तूचा भाग असलेले शब्द असले की शेजारी हमखास घर म्हणतो, गाय म्हणतो. तिथे त्या भागाला लाल बाण काढायचा, बाकी चित्र बिनरंगाचं ठेवायचं.

मग पाटी. थेट पानावर नाही लिहायचं. पाटीवर लेकराने आपल्या मनाने लिहावं, जसं ऐकू येतं तसं. रुपाने लिहिलं टटवि. वाईट नाही, ट, ट, व तिन्ही बरोबर जागी आहेत. मी शब्द सावकाश म्हटला, टि-ट-वी, आणि पहिल्या टाळीला ट म्हटलं का टि ते विचारलं, तिने स्वतः वेलांटी घातली. शेवटच्या वी ला पहिली वेलांटी होती, तिथे मी सरळ सांगून टाकते की शब्दाच्या शेवटी आली तर दुसरी वेलांटी द्यायची, चिमणी, पाटी, टिटवी. “आणि” सारखे अपवाद आहेत पण त्यांचं चित्र कोणी काढत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा एवढा एकच नियम पहिलीला पुरे.

पाटीवर बरोबर झालं की मगच पानावर, पेन्सिलीने. यावर शिक्षकांमध्ये वाद आहेत, काही म्हणतात लेकराचं चुकीचं लेखनच पानावर राहू द्यावं, त्याचा आत्मविश्वास जातो म्हणून. इतर वह्यांमध्ये मी पण राहू देते, पण हे पुस्तक लेकरू पुढे शब्द बघून लिहायला वापरणार आहे, त्यात टटवि राहिलं तर वर्षभर टटवि लिहिणार. प्रयोग करायला पाटी आहे ना, पुसली की गेली.

सगळ्यात खाली एक वाक्य, लेकराने सांगायचं आणि मी लिहायचं. रुपा म्हणाली, “टिटवी लय वरडती.” मी तसंच लिहिलं. शब्द प्रमाण लेखनाप्रमाणे, वाक्य लेकराच्या तोंडचं. “टिटवी खूप ओरडते” लिहिलं असतं तर तिला वाचता आलं नसतं, ती पाठ असलेलं वाक्य बोट ठेवून म्हणते आणि लय च्या जागी खूप दिसलं की अडखळते. पाच-सहा शब्दांपेक्षा मोठं वाक्य घेऊ नका.

आणि मग खरी मजा झाली, पान ओवायच्या वेळी. रुपा सगळे तुकडे बघून आली आणि म्हणाली, बाई वेलांटीचं घर कुठंय? तिचं चुकलं नव्हतं, डावीकडून वाचायला घेतलं तर टिटवी मध्ये पहिल्यांदा वेलांटीचीच काठी येते, ट नंतर. किडा, विळा, चिमणी, सगळ्यांचं हेच होतं. उपाय सोपा, वेलांटीवर बोट ठेवून झाकायची आणि खाली कोण उरलं ते बघायचं. ट उरला, ट च्या घरात जा. कुत्रा, केळी, कोंबडी वर पण हीच युक्ती, उकार नि मात्रा झाकल्या की तिघं क च्या घरातले. प्राणी, श्रावण अशा जोडाक्षरांना झाकता येत नाही, तिथे पहिल्या वर्षी मीच सांगते की हा प च्या घरचा आणि हा श च्या.

घरचा शब्द वेगळा असला तर

आमच्याकडे जांब म्हणतात, पुस्तकात पेरू येतो. कुठल्या घरात ओवायचा? लेकरू जिथे शोधेल तिथे. ते पेरू बघून जांब म्हणतं, म्हणजे ज च्या घरात हुडकणार, म्हणून पान ज मध्ये आणि जांब च्या खाली लहान अक्षरात पेरू. पुढे गोष्टीत पेरू भेटला आणि लेकराला हवं असलं तर प च्या घरात दुसरं पान करू द्या, त्यावर खाली जांब. तांड्यावरून येणाऱ्या लेकरांच्या पुस्तकात स्वरांच्या घरात आई नसते, य च्या घरात याडी असते. त्यावर रेघ मारून आई लिहिणारे महाभाग मी बघितलेत.

वेळ कसा बसवायचा

एका लेकरासोबत पाटीपासून वाक्यापर्यंत तीन-चार मिनिटं जातात. सगळ्यांचं एकाच दिवशी करायला गेलात तर वर्ग हाताबाहेर जातो, मी केलंय, नका करू. सहा-सहाचे चार गट, सोमवार ते गुरुवार रोज एक गट माझ्यासमोर बसतो, वीस-पंचवीस मिनिटं, बाकीचे दुसऱ्या शब्दाचं चित्र काढतात नाहीतर शेजाऱ्याची परीक्षा घेतात. शुक्रवारी ओवणं आणि शोधाशोध.

शोधाशोध म्हणजे दोघांत एक पुस्तक, मालकाने पुस्तक दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि आपला एक शब्द सांगायचा, दुसऱ्याने शोधायचा. माझं सगळं लक्ष बोटांकडे असतं. तुकडा पकडून थेट घर उघडलं तर ठीक, पहिल्या पानापासून एकेक उलटत निघालं तर त्याला घरांचा उपयोग कळलेला नाही, त्याला परत फळ्याखालच्या पट्टीपाशी घेऊन जायचं. हा शुक्रवार दोन-तीनदा बुडाला की खिशात पानं साचतात, मग एकदम पंधरा पानं ओवायला कोणालाच नको वाटतं.

दिवाळीपर्यंत सगळे शब्द वस्तूंचे असतात, त्यानंतर मी महिन्यातून दोन शब्द करायचे किंवा कसं आहे ते सांगणारे मागते. ढकलणे ला दोन चौकटी, एकीत गाडा इथे, दुसरीत तिथे, मध्ये ढकलणारा. निसरडं हा शब्द एकाने शेवाळलेली पायरी आणि हवेत गेलेले दोन पाय काढून दाखवला, शेजारी आधी पडणे म्हणाला, मग पायरीवर हिरवा रंग आणि बाण आला तेव्हा निसरडं म्हणाला. या शब्दांना वेळ दुप्पट लागतो, त्या आठवड्यात दुसरा शब्द सोडून दिला तरी चालतं.

पुस्तक शाळेतच ठेवा, शनिवारी घरी, सोमवारी परत. घरी जास्त राहिलं की आईचं नाहीतर ताईचं चित्र येतं, छान, रेखीव, मोबाईलमधून बघून काढलेलं, आणि लेकराला विचारलं तर त्यातलं काही सांगता येत नाही. तेलखडू पण घरी पाठवू नका, समोरच्या पानाला रंग लागतो, ऊन तापायला लागलं की तर पानं चिकटतातच. रंगीत पेन्सिली बऱ्या.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं लेकरू मध्येच निघून जातं, बहुतेक दिवाळीच्या आसपास. त्याचं पुस्तक कपाटात ठेवून उपयोग नाही. मी खिशात वीस कोरी, भोकं पाडलेली पानं, एक पेन्सिल आणि एक जादा नाडी घालून पुस्तक त्याच्याबरोबर देते. एकाचं पुस्तक एप्रिलमध्ये परत आलं तेव्हा कव्हर गेलं होतं, नाडीच्या जागी सुतळी होती, आणि खिशात सात नवीन पानं होती, कोयता, मोळी, कोपी, टायर, बैल, बैल आणि परत बैल. शब्द तीनच पानांवर लिहिलेला होता, बाकीच्यांवर नुसतं चित्र, ते आम्ही मेच्या सुट्टीआधी बसून पाटीवर लिहिले आणि ओवले.